तर्जनी लांब की अनामिका: बोटं नीट मोजायची कशी आणि त्यातून वाचायचं किती

अंगठ्याजवळचं बोट लांब की करंगळीशेजारचं, हा प्रश्न सोपा वाटतो, हात समोर धरला की उत्तर दिसतंच असं आपण धरून चालतो. पण एकाच हाताची दोन उत्तरं येऊ शकतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण हात बघणारे ज्योतिषी जे बघतात आणि संशोधक जे मोजतात ती मुळात एक गोष्टच नाहीये. नेटवर या विषयावर जे काय फिरत असतं, म्हणजे "अनामिका लांब असेल तर तुम्ही असे असे आहात" वगैरे, त्यात ही दोन्ही मापं सर्रास मिसळलेली असतात, एका पद्धतीने बघायचं आणि दुसऱ्या पद्धतीचा निष्कर्ष लावायचा. म्हणून आधी दोन्ही पद्धतींनी स्वतःचा हात कसा बघायचा ते सांगते, मग कोण काय म्हणतं, आणि शेवटी त्या आकड्यावर किती भार टाकायचा ते.

आधी नजरेने बघायचं, हात बघणाऱ्यांसारखं

हस्तसामुद्रिकात तर्जनी म्हणजे गुरूचं बोट, मधलं शनीचं, अनामिका रवीचं आणि करंगळी बुधाची. पुष्कराज तर्जनीत आणि माणिक अनामिकेत घालायला सांगतात ते याच हिशोबाने. लांबी ठरवताना हात बघणारे फूटपट्टी घेत नाहीत, ते मधल्या बोटाला खांब धरतात आणि शेजारच्या दोन बोटांची टोकं त्याच्या वरच्या पेरावर कुठपर्यंत येतात ते बघतात. साधारण मधल्या बोटाच्या वरच्या पेराच्या मध्यापर्यंत बोट पोचलं तर ते नॉर्मल, त्याच्या वर गेलं तर लांब, त्या पेराच्या आसपासही आलं नाही तर आखूड.

करून बघायचं असेल तर कोपर टेबलावर टेकवा, तळवा स्वतःकडे, चारही बोटं एकमेकांना चिकटवून सरळ, आणि महत्त्वाचं म्हणजे मधलं बोट हाताच्या म्हणजे कोपर ते मनगट या रेषेत सरळ पाहिजे. आता बोटं तशीच ठेवून फक्त मनगटातून पंजा थोडा अंगठ्याच्या बाजूला झुकवा, मग करंगळीच्या बाजूला. एकीकडे झुकवल्यावर तर्जनीचं टोक खाली जातं, दुसरीकडे झुकवल्यावर अनामिकेचं. बोटं तीच आहेत, पण नजरेला "लांब कोण" याचं उत्तर बदलतंय. फोटो बघून हात सांगणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, सेल्फी काढताना मनगट कधीच सरळ नसतं.

दुसरी गोष्ट, बोटं तळव्याला एका सरळ ओळीत लागलेली नसतात. मधल्या बोटाचं मूळ वर, त्याच्या दोन्ही बाजूंची थोडी खाली आणि करंगळीचं सगळ्यात खाली, अशी कमान असते, आणि ही कमान प्रत्येकाची वेगळी. एखाद्याच्या तर्जनीचं मूळ अनामिकेच्या मुळापेक्षा दोन-तीन मिलीमीटर खाली असेल तर बोट स्वतः लांब असूनही टोक खाली दिसणार. जुन्या पाश्चात्त्य हस्तसामुद्रिकांना हे चांगलं माहीत होतं, 1900 च्या सुमाराला अमेरिकेतल्या बेनहॅमने बोट तळव्यावर कुठे बसलंय याचा वेगळा विचार करायला सांगितलं होतं, आणि खाली बसलेलं बोट म्हणजे त्या बोटाची ताकद कमी असं तो धरायचा. म्हणजे त्यांच्या लेखी मूळ खाली असणं ही चूक नाही, तोही वाचनाचाच भाग. संशोधकांच्या मापात मात्र ही कमान पूर्णपणे बाहेर पडते, कारण ते बोटाच्या मुळाच्या घडीपासून टोकापर्यंतच मोजतात आणि मूळ कुठे बसलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. दोन उत्तरं येतात ती इथून.

आता मोजायचं, संशोधकांसारखं

यासाठी व्हर्नियर कॅलिपर पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन डिजिटल मिळतो, प्लास्टिकचा साधा असला तरी चालेल, फक्त मिलीमीटरच्या दहाव्या भागापर्यंत वाचता आला पाहिजे. फूटपट्टीने होत नाही असं नाही, पण तिचा त्रास काय होतो ते पुढे आकड्यात दाखवते.

अंगठ्या काढा, आणि काढून लगेच मोजू नका, अर्धा तास जाऊ द्या, कारण रोज घातलेल्या अंगठीने मुळाशी जो खळगा आणि ज्या रेघा पडतात त्यात खरी घडी हरवते. नखं वाढलेली असतील तर कापून घ्या, कारण माप मांसाच्या टोकापर्यंत घ्यायचंय, नखापर्यंत नाही. यातलं एखादं बोट कधी मोडलेलं असेल, क्रिकेट खेळताना बॉल टोकावर बसून सांधा वाकडा राहिला असेल, किंवा संधिवाताने सांधे सुजलेले असतील तर तो हात सोडून द्या. अभ्यासातसुद्धा असे हात बाजूला काढतात.

तळवा वर करून हात टेबलावर ठेवा, बोटं सरळ पण ताणलेली नाहीत. बोट तळव्याला जिथे जोडलंय तिथली घडी शोधा. तर्जनीला बहुतेक वेळा एकच स्पष्ट घडी दिसते, अनामिकेला मात्र पुष्कळांना दोन असतात, जवळजवळ, मध्ये दोनेक मिलीमीटर अंतर. अशा वेळी तळव्याच्या बाजूची, म्हणजे खालची घडी धरायची हा नियम आहे, आणि तो दोन्ही बोटांना, दोन्ही हातांना, घरातल्या सगळ्यांना सारखाच लावायचा. कुणाची वरची धरली आणि कुणाची खालची तर त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही. घडीच्या मधोमध बारीक टोकाच्या पेनने ठिपका द्या, कॅलिपरचा एक जबडा ठिपक्यावर, दुसरा बोटाच्या टोकाला नुसता टेकेल इतकाच. दाबायचं नाही, टोकाचं मांस मऊ असतं, जरा दाबलं की अर्धा मिलीमीटर सहज जातो.

स्वतःचा हात स्वतः मोजू नका, दुसऱ्या कुणाला तरी सांगा, कारण एका हाताने कॅलिपर सांभाळताना दुसऱ्याचं बोट वाकतंच. आणि मोजणाऱ्याने आधी तर्जनी, मग अनामिका, मग दुसरा हात, मग परत पहिल्यापासून, अशी फेरी करायची, एकच बोट लागोपाठ तीनदा मोजायचं नाही. लागोपाठ मोजलं की आधीचा आकडा डोक्यात असतो आणि हात आपोआप तिथेच थांबतो.

मग तर्जनीच्या लांबीला अनामिकेच्या लांबीने भागायचं:

```
2D:4D = तर्जनी ÷ अनामिका
```

अंगठ्यापासून मोजलं तर तर्जनी दुसरं आणि अनामिका चौथं बोट, म्हणून टू-डी फोर-डी. उत्तर 1 पेक्षा कमी आलं तर अनामिका लांब, जास्त आलं तर तर्जनी. बहुतेक लोकांचं 0.92 ते 1.04 च्या मध्ये कुठेतरी येतं.

एक हात पूर्ण मोजून बघू

समजा तिशीतल्या एका पुरुषाचा हात आहे. उजव्या तर्जनीची तीन मापं आली 68.4, 68.9 आणि 68.6 मिलीमीटर. अनामिकेची 71.2, 70.7, 71.0. सरासरी तर्जनी 68.63, अनामिका 70.97, भागाकार 0.967. डाव्या हाताची तर्जनी 69.1, 68.8, 69.2 आणि अनामिका 70.3, 70.6, 70.2, त्याचं गुणोत्तर 0.981.

आता उजव्या हाताच्या तीन फेऱ्या वेगवेगळ्या भागून बघा. पहिली 0.961, दुसरी 0.975, तिसरी 0.966. मापं अगदी जवळजवळची आहेत, सगळ्यात मोठा फरक अर्धा मिलीमीटर, तरी गुणोत्तर 0.961 पासून 0.975 पर्यंत हललं. पुरुष आणि बायकांच्या सरासरीतला जो फरक पुढे सांगते तो साधारण एवढाच असतो. म्हणजे या माणसाने एकदाच मोजून थांबायचं ठरवलं असतं तर पहिल्या फेरीने त्याला एका बाजूला टाकलं असतं आणि दुसऱ्या फेरीने दुसऱ्या.

फूटपट्टीने काय होईल तेही बघा. तर्जनी 70, अनामिका 72, म्हणजे 0.972. फूटपट्टीवर अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे होणारच, समजा तर्जनी खरी 69.5 आणि अनामिका 72.5, तर उत्तर 0.959, आणि उलट झालं, 70.5 आणि 71.5, तर 0.986. एकाच हाताचे तीन वेगळे स्वभाव छापून आले असते. 2005 मध्ये बीबीसीने इंटरनेटवर एक मोठा सर्व्हे केला होता, अडीच लाखांवर लोकांनी भाग घेतला आणि बोटं आपली आपण मोजून आकडे भरले. इतक्या लोकांमध्ये चुका एकमेकींना बऱ्यापैकी कापतात, म्हणून गटांच्या सरासरी कामाच्या निघाल्या, पण त्यातल्या एका माणसाच्या आकड्यावर कुणी विसंबू नये.

उजवा आणि डावा वेगळा आला म्हणून घाबरायचं कारण नाही, बहुतेकांचा येतो. हात बघणाऱ्यांमध्ये पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा बघायची आपल्याकडे पद्धत आहे, पाश्चात्त्य मंडळी डावा जन्माचा आणि उजवा कमावलेला असं म्हणतात. संशोधक दोन्ही मोजतात, आणि स्त्री-पुरुष फरक उजव्या हातात थोडा जास्त दिसतो असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, म्हणून फक्त एकच हात छापलेला असेल तर तो बहुतेक उजवा असतो.

स्कॅनर किंवा झेरॉक्स मशीनवर हात ठेवून मोजायची पद्धतही आहे, पुष्कळ अभ्यास तसेच झालेत. पण काचेवर हात दाबला की बोटांची टोकं चपटी होतात आणि दोन्ही बोटं सारखी पसरत नाहीत. 2005 मध्येच हे तपासून बघितलं गेलं आणि झेरॉक्सवरून काढलेलं गुणोत्तर प्रत्यक्ष हातावरच्यापेक्षा कमी येतं असं दिसलं. म्हणून एक अभ्यास झेरॉक्सवरचा आणि दुसरा कॅलिपरचा असेल तर त्यातले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, आणि आपल्या कॅलिपरच्या आकड्याला झेरॉक्सवाल्या तक्त्यात शोधू नका. मोबाइलच्या फोटोवर तर अजिबात नको, कॅमेरा जवळ असला की मधल्यापेक्षा कडेची बोटं ताणली जातात.

हात बघणारे काय म्हणतात

पाश्चात्त्य हस्तसामुद्रिकात सगळ्यात जास्त वाचला गेलेला माणूस म्हणजे किरो, मूळचा आयरिश, खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर, 1866 ते 1936. तो स्वतः सांगायचा की ही विद्या आपण भारतात, मुंबईजवळच्या कोकणात, तिथल्या जोशी मंडळींकडून शिकलो. हे त्याचंच सांगणं आहे, पण त्यामुळे आपल्याकडे त्याला घरच्यासारखा मान मिळाला आणि मराठी हस्तसामुद्रिकाच्या पुस्तकांवर त्याची छाप अजून दिसते.

तर्जनी लांब असेल तर अभिमान, हुकूमत गाजवायची आवड, पुढारीपण, असं तो म्हणतो, आणि ती मधल्या बोटाएवढी असेल तर सत्तेचा अतोनात अहंकार, उदाहरण म्हणून नेपोलियन देतो. अनामिका तर्जनीच्या जवळपास असेल तर कलेतून पैसा आणि मान मिळवायची इच्छा. आणि ती फारच लांब, जवळजवळ मधल्या बोटाएवढी असेल तर असा माणूस आयुष्याकडे लॉटरीसारखं बघतो, पैसा, जीव, धोका सगळ्याचा जुगार खेळतो, पण कलेची देणगीही मोठी असते. आपल्याकडचे हात बघणारे साधारण हेच सांगतात, गुरूचं बोट मोठं म्हणजे अधिकार, रवीचं मोठं म्हणजे कीर्ती आणि सट्ट्याची ओढ, दोन्ही सारखी म्हणजे तोल साधलेला. शिवाय चांगला हात बघणारा नुसत्या लांबीवर कधीच बोलत नाही, गुरूचा आणि रवीचा उंचवटा किती भरलाय, बोट कुणाकडे झुकलंय, पेरं कशी आहेत, रविरेषा आहे का, हे सगळं धरून बोलतो. एका लांबीवर पूर्ण स्वभाव सांगणं ही रील्सची पद्धत आहे, सामुद्रिकाची नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायलाच पाहिजे.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडे नाही, ती म्हणजे मोजणी. लांब अनामिकेची इतकी माणसं बघितली, त्यातली इतकी सट्टा खेळणारी निघाली आणि आखूड अनामिकेची इतकी निघाली, असा हिशोब कुठे ठेवलेला नाही. तो नसल्यामुळे बरोबर आलेलं लक्षात राहतं आणि चुकलेलं विसरलं जातं, आणि किरोचं म्हणणं खरं की खोटं हे त्याच्याच नोंदींवरून ठरवता येत नाही.

संशोधक काय म्हणतात

बायकांपेक्षा पुरुषांची अनामिका तर्जनीच्या तुलनेत जास्त लांब असते हे निरीक्षण 19 व्या शतकातलंच आहे, जर्मन शरीरशास्त्रज्ञ एकरने 1875 मध्ये यावर लिहिलं होतं. पण गोष्ट मोठी झाली 1998 मध्ये, लिव्हरपूलच्या जॉन मॅनिंगने हे गुणोत्तर गर्भातल्या हार्मोन्सशी जोडलं तेव्हा. कल्पना अशी की आईच्या पोटात पहिल्या तिमाहीच्या आसपास बोटं घडत असताना टेस्टोस्टेरॉन जास्त मिळालं तर अनामिका जास्त वाढते, इस्ट्रोजेन जास्त असेल तर उलटं. बोटं आणि जननेंद्रियं दोन्हींच्या घडणीत हॉक्स नावाच्या जीन्सचा हात असतो, त्यामुळे हे अगदीच हवेतलं नव्हतं. 2011 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या झेंग आणि कोन या दोघांनी उंदरांच्या पिल्लांवर दाखवलं की चौथ्या बोटाच्या घडणीवर या हार्मोन्सचा परिणाम दुसऱ्यापेक्षा जास्त होतो, आणि हार्मोन अडवलं किंवा वाढवलं की गुणोत्तर बदलतं.

मग यावर अक्षरशः शेकडो पेपर निघाले. त्यातला सगळ्यात गाजलेला 2009 चा, लंडनच्या शेअर-फ्युचर्स बाजारात सेकंदा-मिनिटांत सौदे करणारे 44 पुरुष ट्रेडर घेतले, आणि ज्यांची अनामिका तुलनेने लांब त्यांनी जास्त पैसा कमावला आणि धंद्यात जास्त वर्षं टिकले असं निघालं. किरोची लॉटरी आठवून कुणालाही वाटेल की बघा, जमलं. पण हा अभ्यास 44 जणांचा आहे, सगळे पुरुष, सगळे एका खास धंद्यातले, त्यातही विजेच्या वेगाने निर्णय घ्यायच्या कामातले. दीर्घ मुदतीची गुंतवणूक करणाऱ्या माणसाला तो लागू नाही. आणि किरो ज्याला लांब म्हणतो ती मधल्या बोटाशी भिडणारी अनामिका, मुळाच्या कमानीसकट, तर इथे घडीपासून मोजलेलं गुणोत्तर. शब्द सारखे आहेत, माप वेगळं आहे.

खेळाडूंचं चित्र जरा बरं आहे. पुष्कळ अभ्यास एकत्र करून 2010 मध्ये जे विश्लेषण झालं त्यात खेळातलं कौशल्य आणि लांब अनामिका यांचा संबंध 0.26 च्या आसपास निघाला. या आकड्याचा अर्थ असा की खेळाडू-खेळाडूंमधल्या फरकातला साधारण सात टक्के भाग बोटांशी जुळतो, उरलेला त्र्याण्णव टक्के दुसऱ्याच गोष्टींशी. गटात दिसणारा खरा संबंध आहे, पण शाळेच्या ग्राउंडवर पोरांची निवड बोटं बघून करायला अजिबात पुरेसा नाही.

आकडा आपल्या हातावर का बसत नाही

पहिलं कारण साधं आहे. पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा कमी असते, पण फरक सुमारे 0.01 ते 0.015 एवढाच, आणि पुरुषा-पुरुषांमध्येच त्याच्या दुपटीहून जास्त पसारा. रस्त्यावरून कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक बाई घेतली तर शंभरातल्या साधारण साठ जोड्यांमध्ये पुरुषाचं गुणोत्तर कमी निघेल आणि चाळीस जोड्यांमध्ये बाईचं. म्हणून एखाद्या बाईची अनामिका लांब असेल तर ती "पुरुषी" वगैरे काही नसते, अशा बायका भरपूर आहेत, आणि लग्न ठरवताना किंवा घरात कुणाला टोमणा मारताना असलं काही कुणी म्हटलं तर हे साठ-चाळीस त्यांना सांगा.

दुसरं, वेगवेगळ्या देशांतल्या आणि समाजांतल्या सरासरींमध्ये स्त्री-पुरुषांमधल्या फरकापेक्षा जास्त फरक आढळलाय. मॅनिंगच्याच अभ्यासांत पोलंडच्या लोकांचं गुणोत्तर जास्त आणि फिनलंड, जमैकाच्या लोकांचं बरंच कमी आलं होतं. त्यामुळे इंग्लंडच्या लोकांवरून काढलेली "0.98 पुरुष, 1.00 बाई" ही खूण मराठी हाताला लावता येत नाही. 2008 मध्ये दक्षिण भारतातल्या लोकांवर फॉरेन्सिकसाठी अभ्यास झाला, अनोळखी मृतदेहाचा नुसता हात सापडला तर तो पुरुषाचा की बाईचा हे सांगता येईल का म्हणून, त्यात सीमा 0.97 ला आली. इंग्लंडच्या पट्टीने बघितलं तर त्यातले बरेच जण चुकीच्या खान्यात गेले असते.

तिसरं कारण हाताच्या आकाराचं. 2009 मध्ये आणि परत 2017 मध्ये काही संशोधकांनी दाखवलं की बोटं जसजशी लांब होतात तसतसं गुणोत्तर थोडं खाली येतं, आणि पुरुषांचे हात मोठे असतात, त्यामुळे स्त्री-पुरुष फरकातला बराच भाग नुसत्या आकाराचा असू शकतो, हार्मोनचा नाही. मॅनिंगच्या बाजूचे लोक हे मान्य करत नाहीत, वाद चालू आहे.

चौथं कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं, त्यावर जरा थांबते. काही बायकांमध्ये जन्मतः गुणसूत्रं एक्स-वाय म्हणजे पुरुषांसारखी असतात, शरीर टेस्टोस्टेरॉन तयारही करतं, पण पेशींना ते ओळखताच येत नाही, म्हणून शरीराची वाढ बाईसारखीच होते. म्हणजे यांच्या बोटांवर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम शून्य. 2009 मध्ये अमेरिकेत अशा बायकांचे हात मोजले. सरासरी इतर बायकांसारखी निघाली, म्हणजे हार्मोनचा काहीतरी हात आहे हे खरं. पण आता असं बघा, माणसा-माणसांमधला फरक जर टेस्टोस्टेरॉन कमीजास्त मिळाल्यामुळे पडत असेल तर या सगळ्या जणींची गुणोत्तरं जवळजवळ सारखी यायला हवी होती, कारण कुणालाच त्याचा परिणाम झालेला नाही. तसं झालं नाही, त्यांच्यातला पसारा इतर बायकांएवढाच रुंद होता. म्हणजे एका माणसाचं गुणोत्तर दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं उत्तर बहुतांश दुसरीकडेच कुठेतरी आहे. "माझी अनामिका लांब म्हणजे मला पोटात टेस्टोस्टेरॉन जास्त मिळालं" हे वाक्य इथे गळून पडतं. आणि मोठेपणी रक्तात किती टेस्टोस्टेरॉन आहे याच्याशी तर सामान्य लोकांमध्ये बोटांचा संबंध सापडलेलाच नाही, 2007 मध्ये जुने अभ्यास एकत्र करून तेच दिसलं. जिमवाल्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

आजारांच्या बातम्या आल्या तर

दोन बातम्या दरवर्षी फिरून येतात. एक गुडघेदुखीची, 2008 चा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा अभ्यास, दोन हजारांहून जास्त लोक, तर्जनी अनामिकेपेक्षा आखूड असणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली, विशेषतः बायकांमध्ये. यात बोटं हाताच्या एक्स-रेवरून बघितली होती, म्हणजे हाडाची लांबी, घडीपासूनची नाही, तेव्हा कॅलिपरचा आकडा यात घालू नका. आणि दुसरी प्रोस्टेट कॅन्सरची, 2011 ची, त्यात पुरुषांना हातांची चित्रं दाखवून आपला उजवा हात कुठल्या चित्रासारखा ते निवडायला सांगितलं होतं. तर्जनी लांब सांगणाऱ्यांमध्ये धोका सुमारे 33 टक्के कमी दिसला. म्हणजे इथे मापच नाही, नजर आहे, आणि मनगट झुकवल्यावर नजरेचं काय होतं ते आपण वर बघितलंच.

घरात कुणाला गुडघ्याचा त्रास असेल तर वजन, मांडीच्या स्नायूंची ताकद, जुनी इजा आणि आईवडिलांचा इतिहास या चार गोष्टी डॉक्टरांना सांगा, बोटं सांगून त्यांना काही ठरवता येणार नाही. पन्नाशीपुढच्या पुरुषाला लघवीचा त्रास असेल, किंवा वडील-भावांना प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल, तर तर्जनी कितीही लांब असली तरी डॉक्टरकडे जाऊन पीएसए या रक्ताच्या टेस्टबद्दल विचारायला उशीर करू नका.

आणि कुठलीही नवीन बातमी आली की आधी एवढं शोधा: बोटं कशाने मोजली, कॅलिपर की झेरॉक्स की एक्स-रे की नुसती नजर, किती लोकांची, कुठल्या देशातल्या, आणि एकाने मोजलं की दोघांनी वेगवेगळं मोजून जुळवलं. बातमीत यातलं काही दिलेलं नसेल तर मूळ पेपरच्या सारांशात बहुतेक असतं, `2D:4D` आणि त्या आजाराचं किंवा गुणाचं इंग्रजी नाव टाकून शोधलं की मिळतो.